चिखलाचं वजन आणि बागुल भाऊसाहेब

हिलाल बागुल भाऊसाहेबांनी उभी नोकरी शहाद्याच्या कोर्टात दुभाषी म्हणून काढली. अहिराणी बोलणाऱ्या साक्षीदाराला इंग्रजीत न्यायचं आणि इंग्रजी कागदाला मराठीत आणायचं, एवढंच काम. एकदा एका साक्षीदारानं उलटतपासणीला वैतागून वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. न्यायाधीशांनी विचारलं, काय म्हणतो तो? भाऊसाहेबांनी एकही शिवी न गाळता, साहेबांच्या तोंडाकडे बघत, स्वच्छ इंग्रजीत सगळं ऐकवलं. साहेब लालबुंद झाले. भाऊसाहेब म्हणाले, "माझं नाही, साक्षीदाराचं आहे," आणि चष्मा पुसायला लागले.

हा माणूस मनाचं काही बोलतच नसे. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, तुमचं काय मत? तर ते म्हणाले, "मुलीच्या आईचं मत असं आहे की..." आणि आईचं मत जसंच्या तसं सांगून गप्प बसले. लग्न झालं. जावई अजून सासऱ्याला जरा घाबरूनच असतो.

अशा माणसाला निवृत्तीनंतर काम कुठलं मिळावं, तर तेलविहिरीच्या रिगवर.

त्याचं असं झालं. सावखेड्याच्या गायरानावर एका कंपनीची रिग आली. काळ्या पाषाणाच्या खाली वायू आहे का ते बघायचं होतं. रिग आली अंकलेश्वरहून, माणसं कुणी गुजरातची, कुणी आसामची. रस्ता मात्र एकच, तोही गावाच्या मधून आणि पाटाच्या मोरीवरून. गावानं ग्रामसभा भरवली आणि ठराव केला: भोक पाडायला हरकत नाही, पण रोज तुम्ही काय करता त्याचा अहवाल रोज सकाळी दहाला पंचायतीच्या ओट्यावर मराठीत वाचायचा. तोवर मोरीवर बैलगाडी आडवी राहील. अहवाल ऐकला, हात वर झाले, मंजूर झाला, की गाडी बाजूला.

कंपनीनं पहिल्या दिवशी एक ओळ पाठवली, 'काम सुरळीत सुरू आहे.' सरपंच लोटन नाना गिरासे यांनी ती ओळ उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे तर माझा पोरगाबी सांगतो कॉलेजातून. दोनदा नापास झाला." दुसऱ्या दिवशी रिगचा मुख्य, फुकन साहेब, यांनी चिडून अख्खा इंग्रजी अहवालच पाठवून दिला. आडवी गाडी हलेना. मग शहाद्यात शोधाशोध झाली आणि भाऊसाहेब सापडले.

भाऊसाहेबांनी तो अहवाल पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांना तो पंचनाम्याचा लांबचा भाऊ वाटला. खोली किती, कालपासून किती मीटर खाली गेलो, चिखलाचं वजन, चिखलाचा घट्टपणा, कोणत्या मापाचं केसिंग किती खोल बसवलंय, पंपाचा दाब किती, पुढच्या दिवसाचा बेत काय. सगळ्याला रकाना. ते खुश झाले. कोर्टाचा नियम त्यांनी इथंही लावला: मुळात आहे ते गाळायचं नाही, मुळात नाही ते घालायचं नाही. त्यामुळे छापील फॉर्मवरच्या रिकाम्या जागासुद्धा मराठीत आल्या. 'ही जागा मुळात कोरी आहे.' 'येथे शाईचा डाग आहे.' 'जखमी: निरंक. मृत: निरंक. विषारी वायू: निरंक.' आणि शेवटी, 'मूळ इंग्रजीवरून केलेला हा शब्दशः व खरा अनुवाद आहे,' खाली सही.

पहिल्याच वाचनाला 'मृत: निरंक' ऐकून ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"म्हणजे मरायची सोय ठेवलीय यांनी," भुरीबाई म्हणाली.

भुरीबाई गायरानालगतच्या भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, सत्तरीची, तोंडाची फटकळ. तिच्या दोन शेळ्या रिगच्या कुंपणाशी चरायच्या, त्यामुळे रिगवर तिचा हक्कच होता.

शब्दांवरून सुरुवातीला ओढाताण झाली. केसिंगसाठी भाऊसाहेबांनी शासकीय कोश धुंडाळून 'संरक्षक वेष्टननलिका' आणली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा गाडीवाला धुडकू आप्पा उठून उभा राहिला. "भाऊसाहेब, माझ्या मळ्यात तीन बोअर आहेत. तिन्हीला केसिंग आहे. वेष्टन-बिष्टन एकालाबी नाही." सभेनं एकमतानं केसिंग मंजूर केलं. भाऊसाहेबांनी टीप दिली, 'सभेच्या आदेशानुसार.' चिखलाला कोशात 'वेधनपंक' होता; त्यावर सगळे नुसते हसले, आणि तोही गेला.

चिखल म्हणजे तरी काय, हे गावाला परेश वसावानं समजावलं. परेश रिगवरचा मड केमिस्ट, भरूचकडचा, तिशीतला. चिखल शिजवणं हेच त्याचं काम, आणि आपल्या चिखलाबद्दल तो आईनं लेकराबद्दल बोलावं तसं बोलायचा. "काकी, आ चिखल नळीतून खाली जातो, टोकाच्या बिटातून बाहेर पडतो, अने नळीच्या बाजूनं वर येतो. दगडाचा चुरा वर आणतो. पण खरं काम वजनाचं. खाली दगडात वायू दाबून बसलाय ने, त्याच्या डोक्यावर आपला चिखल बसतो. हलका झाला तर वायू वर येणार. फार जड झाला तर दगड फोडून चिखलच आत पळणार. एटले माप बराबर पाहिजे."

इतकं सोपं कुणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून सावखेड्याला चिखलाचं वेड लागलं. रोज वजन ऐकायला माणसं दूध डेअरीवर घालून थेट ओट्यावर यायची. वजन मापायचं एकक भाऊसाहेब 'प्रति गॅलन पौंड' असं पूर्ण म्हणायचे, आणि गॅलन म्हणजे किती तांबे यावर एक सकाळ गेली. एकदा वजन नऊ पॉइंट सहावरून नऊ पॉइंट आठ झालं तर लोटन नाना ताडकन म्हणाले, "कुणाला विचारून वाढवलं?" भुरीबाई म्हणाली, "आमच्या विहिरींवर भार पडला तर?" परेशनं सांगितलं, वरच्या थराला तर केसिंग आणि सिमेंट आहे, विहिरींना काही होत नाही. सभेला ते पटलं, पण अधिकार सोडवेना. झालं, चिखल समिती स्थापन झाली. अध्यक्ष भुरीबाई, सचिव धुडकू आप्पा. समितीच्या संमतीशिवाय चिखलाचं वजन वाढवायचं नाही.

फुकन साहेबांनी हा ठराव ऐकला तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि परेशला शांतपणे विचारलं, "आपण खणतोय विहीर की लढवतोय निवडणूक?" मग कंपनीच्या वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं, स्थानिकांशी सलोखा ठेवावा.

समितीचं पहिलं मोठं काम म्हणजे पांढरी पावडर. चिखल जड करायला त्यात ती घालतात, बॅराइट नावाची. दिसायला मैद्यासारखी, उचलायला गेलं की मात्र घाम फुटतो. वाऱ्यानं ती उडून धुडकू आप्पाच्या कापसावर बसली. बोंडं मुळातच पांढरी, त्यामुळे नुकसान किती ते कुणालाच ठरवता येईना, पण समितीनं फर्मान काढलं: पावडरीचा साठा रिगवर नको, फाट्यावरच्या बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या गोदामात ठेवा, लागेल तशी आणा. परेश हात जोडून सांगत राहिला की राखीव साठा रिगवरच लागतो, नियमच आहे. थोडी पोती रिगवाल्यांनी तिथंच ठेवली होती, ती मागच्या अवकाळी पावसात भिजून दगड झाली. नवा साठा गोदामातून हलवायची परवानगी समितीपुढं होती. समितीनं ती विचारार्थ ठेवली होती. 'विचारार्थ' हा शब्द त्यांना भाऊसाहेबांनीच शिकवला होता.

आणखी एक गोष्ट भाऊसाहेबांनी शिकवली होती. एकदा रिगवरचा कुणी सुपरवायझर मोटारसायकल थांबवून ओट्यावर सांगून गेला, काही टेन्शन घेऊ नका, सगळं ठीक आहे. लोकांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तोंडी सांगण्याला काही किंमत नसते. कागदावर असेल, खाली सही असेल, आणि अनुवाद प्रमाणित असेल, तरच ते आहे. नाहीतर ते नाही." हे वाक्य गावानं इतकं मनावर घेतलं की डेअरीवाल्यानं फॅट तोंडी सांगितली तर बाया म्हणायच्या, प्रमाणित करून दे.

त्या सकाळी विहीर अठराशे पन्नास मीटरवर होती. काळा पाषाण संपून खाली वाळूचा थर लागला होता. अहवाल नेहमीप्रमाणे सकाळी सहापर्यंतचा. भाऊसाहेब रिगवरच्या केबिनमध्ये बसून त्याचं मराठी करत होते. चिखल नऊ पॉइंट आठ. जखमी निरंक. मृत निरंक. सही केली, टोपण लावलं, तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला.

ते दारात आले तर मनोऱ्यावर धावपळ चाललेली. परेश टाक्यांकडून पळत येत होता. चिखलाच्या टाकीत आपोआप पातळी वाढली होती, म्हणजे आपण आत घालतो त्याहून जास्त वर येत होता. खालून कुणीतरी ढकलत होतं. ड्रिलरनं नळी वर उचलली, पंप बंद केला, तरी चिखल वाहतच होता. मग त्यानं विहिरीच्या तोंडावरचं मोठं झडप-यंत्र मिटलं. विहीर बंद झाली. सगळे दाबाच्या काट्याकडे बघत उभे राहिले.

"नळीत अडीचशे, केसिंगच्या बाजूला साडेतीनशे," परेशनं भाऊसाहेबांना सांगितलं. तो त्यांना का सांगत होता कुणास ठाऊक; बहुधा रोज सांगायची सवय. त्यानं तळहातावरच पेनानं गणित केलं. "दहा पॉइंट सहा पाहिजे. चिखल दहा पॉइंट सहा झाला की वायू दबेल. आहे त्या चिखलानं आधी आत घुसलेला वायू बाहेर काढता येतो, ते साहेब सुरू करतात. पण त्यानंतर जड चिखल तयार नसला ने, तर विहीर उघडताच येणार नाही. अने पावडर गोदामात!"

"मग आणा की," भाऊसाहेब म्हणाले.

"परवानगीच्या आशेनं दोन ट्रक कालच भरून ठेवल्या होत्या, त्या निघाल्याय. मोरीवर उभ्या आहेत."

भाऊसाहेबांना एकदम आठवलं की मोरीवर गाडी असते.

फुकन साहेबांना काट्याजवळून हलणं शक्यच नव्हतं. त्यांनी परेशच्या हातात वॉकीटॉकी दिली आणि भाऊसाहेबांना म्हणाले, "बागुलजी, तुमचं गाव तुम्हीच सांभाळा." जीपमध्ये बसल्यावर भाऊसाहेबांनी मांडीवरचा अहवाल पाहिला. त्यात विहीर सुखात होती. कालची, आज पहाटेची, अगदी सुखात.

ओट्यावर सगळे जमले होते. मोरीवर गाडी आडवी, बैल सोडून चरायला नेलेले, आणि गाडीमागे दोन ट्रक, त्यांचे ड्रायव्हर धुडकू आप्पाकडून तंबाखू घेत उभे. परेश जीपमधून उडी मारूनच ओरडला, "नाना, गाडी काढा! इमर्जन्सी आहे! वायू आला आहे!"

लोटन नाना शांतपणे म्हणाले, "बस भो. पाणी पी. कशावर आहे?"

"कशावर म्हणजे?"

"कागदावर आहे का? तोंडी चालत नाही. भाऊसाहेबांनीच सांगितलंय."

सगळे भाऊसाहेबांकडे बघायला लागले. भाऊसाहेब म्हणाले, "तसं सांगितलं होतं खरं."

"मग वाचा अहवाल. वाचून झालं की गाडी निघेल. पावडर मात्र समितीपुढं विचारार्थ आहे, वजन वाढवायचं तर तेही कागदावर पाहिजे. आपण काय अडवणारी माणसं आहोत का?"

वाचल्याशिवाय सुटका नव्हती. भाऊसाहेबांनी वाचायला घेतलं. जन्मात त्यांनी एवढं भरभर वाचलं नव्हतं, पण गाळलं काही नाही. कोरी जागा आली, कोरी म्हणून सांगितली. नऊ पूर्णांक पाच अष्टमांश इंची केसिंग बाराशे मीटरवर आलं, तर धुडकू आप्पाला तो अपूर्णांक फार आवडायचा, त्यानं तो पुन्हा वाचायला लावला. परेश ओट्याखाली येरझारा घालत होता. त्याच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली.

"परेश, केसिंग साइड तीनशे नव्वद," फुकन साहेबांचा आवाज.

"ऐकलं का?" परेश किंचाळला. "साडेतीनशे होतं! वायू वर सरकतोय!"

भुरीबाईनं मान डोलावली. "ते उद्याच्या अहवालात येईल ना, बाबा?"

"येईल काकी, पण उद्या..."

"मग उद्या ऐकू. आजचं आज. सहानंतरचं सगळं उद्यात जातं, तूच सांगितलं होतंस." आणि ती इतरांकडे वळून, शाळेत मास्तर करतो तशी, म्हणाली, "काल म्हणजे सहापर्यंत. त्याच्यानंतर उद्या."

भाऊसाहेब वाचत होते, "चिखलाचं वजन नऊ पॉइंट आठ प्रति गॅलन पौंड."

"मंजूर," दोघं-तिघं म्हणाले.

"जखमी: निरंक. मृत..."

इथं भाऊसाहेब थांबले.

नोकरीत कधीच ते वाक्याच्या मध्ये थांबले नव्हते. कुणा साक्षीदाराला रडू आलं तरी त्यांचं वाक्य पुरं व्हायचं. आता निरंक हा शब्द तोंडातून निघेना. तो सहा वाजेपर्यंतचा होता. रिगवर त्या क्षणी कितीजण त्या तोंड मिटलेल्या विहिरीभोवती उभे होते, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि भिलाटी तिथून हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी समोरचा तांब्या उचलला, पाणी प्यायले, आणि कागद खाली ठेवला.

"आता हे मी माझं सांगतो," ते म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा निघाला. "विहीर आज सकाळी उफाळायला बघत होती. तोंड बंद केलंय, पण आत वायू आहे आणि दाब वाढतोय. आपण मंजूर करतोय तो चिखल कालचा आहे. त्याला हा वायू पेलत नाही. जड करायची पावडर त्या ट्रकांत आहे आणि ट्रकांपुढं आपली गाडी आहे. गाडी काढा. मग मला काय बोलायचं ते बोला."

 भाऊसाहेबांना वाटलं, झालं काम. इतकं स्पष्ट मराठी त्या ओट्यावर कधी बोललं गेलं नव्हतं.

धुडकू आप्पानं घसा खाकरला. "भाऊसाहेब, हे कुठल्या रकान्यात आहे?"

"रकान्यात नाही. मी बोलतोय."

"म्हणजे मुळात नाही?"

"नाही."

"मुळात नाही ते घालायचं नाही असं तुमचंच..." धुडकू आप्पा खरोखरच अडचणीत सापडला होता. तो समितीचा सचिव होता. "आम्ही काय तुमच्यावर अविश्वास दाखवतो का? पण हा अनुवाद आहे म्हटल्यावर याचं इंग्रजी कुठंय?"

"इंग्रजी दाखवा," मागून कुणी म्हणालं. "इंग्रजी असलं तर लगेच मंजूर."

परेशनं कपाळावर हात मारला. आपल्या गावात असा प्रसंग आला असता तर लोकांनी गाडी उचलून पाटात टाकली असती, असं तो गुजरातीत काहीतरी पुटपुटला. भाऊसाहेबांना मात्र राग आला नाही. ही माणसं आपल्याच तालमीत तयार झालीत, हे त्यांना कळत होतं.

"परेश," ते म्हणाले, "कागद घे. अहवालाची कोरी पाठ चालेल. मी बोलतो ते इंग्रजीत लिही."

"हुं? मने? माझं इंग्रजी..."

"लिही!"

आणि पंचायतीच्या ओट्यावर, सगळ्या गावादेखत, मराठी अनुवादाचं इंग्रजी मूळ तयार व्हायला लागलं. भाऊसाहेब एक वाक्य मराठीत सांगायचे, परेश ते इंग्रजीत लिहायचा. लिहिता लिहिता त्याची क्रियापदं घसरायची. भाऊसाहेब चष्मा वर करून ती दुरुस्त करायचे. लोक मागून वाकून बघत होते. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "मूळ असं बनतं होय!" वॉकीटॉकीतून चारशे दहा आलं, मग फुकन साहेब म्हणाले की चोकच्या झडपेतून थोडा थोडा चिखल सोडून दाब धरून ठेवतोय, पण लवकर करा. परेशनं त्यातच खाली आकडे लिहिले: नळीचा दाब, केसिंगचा दाब, हवं असलेलं वजन दहा पॉइंट सहा. रिग प्रमुखांकरिता म्हणून सही केली.

"आता मराठी करा," लोटन नाना म्हणाले.

मराठी तर केव्हाच झालं होतं. भाऊसाहेबांनी ते कागदावर उतरवलं. सगळं लिहून झालं आणि पेन शेवटच्या ओळीवर आलं. 'मूळ इंग्रजीवरून केलेला हा शब्दशः व खरा अनुवाद आहे.' हात तिथंच अडला. हे खोटं होतं. इंग्रजी त्यांच्या मराठीवरून झालं होतं. उभ्या आयुष्यात या ओळीखाली त्यांनी हजारो सह्या केल्या होत्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. इतरांकडे जमीन असते, दागिने असतात. या माणसाकडे तेवढंच होतं.

"सही, भाऊसाहेब," भुरीबाई हळूच म्हणाली.

त्यांनी सही केली. नीट, वळणदार, खाली रेघ ओढून.

भुरीबाईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं; तिनं तो समोर धरला, भाऊसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चिखल समिती. दहा पॉइंट सहा. मंजूर." मग एकदम ओरडली, "आता बघत काय बसले? बैल कुठं गेले?"

बैल पाटाच्या पलीकडे चरत होते. ते आणायला वेळ नव्हता. तेव्हा सरपंच, सचिव, ओट्यावरचे म्हातारे आणि तंबाखू थुंकून आलेले दोन्ही ड्रायव्हर, असे सगळे गाडीला भिडले. मोरीवरची माती भिजलेली, एक चाक रुतलेलं. भाऊसाहेबांनीही सदऱ्याच्या बाह्या वर सारून जुवाखाली खांदा घातला. गाडी सुटली ती थेट पाटाच्या कडेला जाऊन बसली. ट्रक निघून गेले.

दुपारभर रिगवरून यंत्रांचा आवाज येत राहिला. आधी आत घुसलेला वायू वळवून दूरच्या नळीच्या तोंडाशी जाळला; ज्वाळा गावातून दिसत होती आणि लोक गच्च्यांवर चढून बघत होते. मग परेशचा नवा, जड चिखल विहिरीत गेला. अंधार पडला तेव्हा दोन्ही काटे शून्यावर आले होते. परेश फाट्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी खाता खाता ताटावरच झोपला असं दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसायला जागा नव्हती. भाऊसाहेब आले. डोळे लाल, दाढी केलेली नव्हती. अहवाल उघडायच्या आधी ते उभे राहिले.

"काल मी प्रमाणपत्रावर सही केली, ती खोटी होती," ते म्हणाले. "ते इंग्रजीवरून केलेलं मराठी नव्हतं. आधी मी बोललो, मग इंग्रजी झालं. मी हे काम आता करायला लायक नाही. आजचा अहवाल वाचतो आणि जातो. दुसरा माणूस बघा."

 धुडकू आप्पा खाली मान घालून नखानं ओट्याची माती उकरायला लागला. लोटन नानांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे काल जे सांगितलं ते खोटं होतं का?" भुरीबाईनं विचारलं.

"नाही, नाही. सांगितलं ते खरं होतं. सही खोटी होती."

"अन त्याच्या आधीच्या सगळ्या सह्या?"

"त्या खऱ्या होत्या. एकूणएक."

भुरीबाई आजूबाजूला बघून घेत म्हणाली, "आता मी समितीची अध्यक्ष, म्हणून सांगते. त्या खऱ्या सह्यांतलं आम्हाला काही कळलं असेल तर देवाशपथ. तुम्ही नऊ पॉइंट आठ म्हणायचे, आम्ही मंजूर म्हणायचो. बरं वाटायचं. मला तर गॅलनबी अजून समजला नाही. कालचं तेवढं कळलं." तिनं पदर डोक्यावरून घेतला. "बसा खाली, भाऊसाहेब. पाणी प्या."

भाऊसाहेब बसले.  डोळे भरून आले, आणि चष्मा पुसायचं निमित्तही त्यांना सुचलं नाही. परेशनं पुढं होऊन अहवाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला आणि वाचायला लागले.

"सकाळी विहिरीत वायूचा शिरकाव. विहीर बंद केली. नळीतला दाब अडीचशे, केसिंगच्या बाजूचा दाब साडेतीनशे. स्थानिक अडचणीमुळे साहित्य पोचण्यास विलंब."

"स्थानिक अडचण म्हणजे आपण," लोटन नाना म्हणाले.

"होय," भाऊसाहेब म्हणाले. "हे मुळात नाही, मी सांगतोय. आपणच. मीसुद्धा."

"मंजूर," धुडकू आप्पा म्हणाला, आणि एकेक करून सगळे हात वर झाले.